TOTAL2 चार्ट नीट कसा वाचायचा: ऑल्टकॉइनचा एकूण ट्रेंड ओळखायची पद्धत, स्टेप बाय स्टेप

नाशिकमध्ये आमचा एक छोटा क्रिप्टोचा ग्रुप आहे, कोणी अंबडला कंपनीत आहे, कोणी सातपूरला, दोघं-तिघं द्राक्षबागवाले आहेत, आणि मार्केट जरा वर सरकलं की एक प्रश्न हमखास येतो, "दादा, ऑल्टसीझन चालू झाला का?", म्हणजे बिटकॉइन सोडून बाकीचे कॉइन, ऑल्ट, जोरात धावायला लागले का, आणि सोबत स्क्रीनशॉट असतो तो त्याच्या एकट्याच्या कॉइनचा. आता एका कॉइनवरून सगळ्या ऑल्टचा अंदाज कसा लावणार? त्यासाठी वेगळा चार्ट आहे, बिटकॉइन वगळून बाकी सगळ्यांची मिळून मार्केट कॅप, ट्रेडिंगव्ह्यूवर त्याचं नाव TOTAL2. हा चार्ट बरेच जण उघडतात पण जसाच्या तसा वाचतात, आणि तिथेच गडबड होते, कारण या आकड्यात ऑल्टकॉइन नसलेला पैसापण मोजलेला असतो. तो बाजूला काढून कसं बघायचं हे नीट सांगतो, आणि शेवटी 2024 ची नोव्हेंबर-डिसेंबरची तेजी घेऊन सगळं लावून दाखवतो.

आधी चार्ट नीट मांडून घ्या

ट्रेडिंगव्ह्यू उघडा, सर्चमध्ये `TOTAL2` टाका, आणि ज्याच्यापुढे CRYPTOCAP लिहिलंय तोच घ्या. हा आकडा वरच्या 125 कॉइनवर काढतात, त्यातून बिटकॉइन वजा. चार्टवर 950B, 1.65T असं दिसतं. T म्हणजे ट्रिलियन, आपल्या भाषेत एक लाख कोटी, म्हणजे 1.65T हे झाले 1 लाख 65 हजार कोटी डॉलर. B म्हणजे अब्ज, शंभर कोटी. हे एकदा डोक्यात बसलं की मग झिरो मोजत बसायला लागत नाही.

मग टाइमफ्रेम वीकली करा आणि स्केल लॉग करा, कॉम्प्युटरवर असाल तर Alt+L दाबलं की होतं. लॉग का, तर साध्या स्केलवर 2020 च्या आधीचं सगळं खाली चिकटलेलं दिसतं आणि वरचा छोटासा चढउतारपण डोंगराएवढा वाटतो, लॉगवर मात्र दुप्पट म्हणजे दुप्पटच दिसतं, मग ते 100B चं 200B असो की 800B चं 1.6T.

वीकली कॅन्डलबद्दल, म्हणजे चार्टवरच्या एका आठवड्याच्या पट्टीबद्दल, एक गोष्ट आपल्याकडच्या लोकांनी खास लक्षात ठेवायची. या कॅन्डल यूटीसी वेळेवर चालतात, म्हणजे आठवडा आपल्या घड्याळात सोमवारी पहाटे साडेपाचला बंद होतो. रविवारी रात्री जेवण झाल्यावर चार्ट बघून "ब्रेकआउट झाला", म्हणजे जुना टॉप तुटला, म्हणणाऱ्यांना मी दरवेळी हेच सांगतो की बाबा अजून कॅन्डल बंद व्हायचीये, रात्रीतून अमेरिकेतले लोक जागे असतात आणि रविवारी ऑर्डर पातळ असतात, सकाळी उठेपर्यंत ती कॅन्डल पार वेगळी दिसू शकते.

यावर इंडिकेटरची जत्रा भरवू नका. मी फक्त एक 20 आठवड्यांचा साधा SMA, म्हणजे मागच्या 20 आठवड्यांच्या क्लोजच्या सरासरीची रेष, लावतो. आणि हाताने मोठे टॉप आणि मोठे बॉटम खुणावतो, आडव्या रेषा मारून, एवढंच. टॉप वर वर सरकतायत, बॉटमपण वर वर सरकतायत आणि किंमत त्या SMA च्या वर आहे तर ट्रेंड वरचा, उलट असेल तर खालचा, आणि दोन्हीची खिचडी असेल तर ट्रेंड नाही असं समजायचं, जबरदस्तीने काही शोधायचं नाही.

पण एक सांगतो, TOTAL2 हे काही विकत घ्यायची वस्तू नाहीये. एखाद्या कॉइनच्या चार्टवर सपोर्ट म्हणजे तिथे खरोखर कोणाच्या तरी ऑर्डर लागलेल्या असतात. इथे 1.27T ला कोणाची ऑर्डर नसते, ही नुसती बेरीज आहे. त्यामुळे इथल्या रेषा थोड्या जाड पेन्सिलीने मारलेल्या आहेत असं समजा, रेषेच्या एक-दोन टक्के वरखाली झालं म्हणून लगेच निर्णय घ्यायचा नाही, वीकली क्लोजने स्पष्ट पार केलं पाहिजे.

हा आकडा वाढतो कशाने, ते समजून घ्या

मार्केट कॅप म्हणजे भाव गुणिले बाजारात फिरणाऱ्या कॉइनची संख्या. लासलगावला कांद्याचं जसं आहे तसंच. आज बाजार समितीत एकूण मालाची किंमत कालपेक्षा जास्त झाली, तर त्याचा अर्थ भाव वाढला असाच होत नाही, भाव तोच राहून नुसती आवक वाढली तरी एकूण किंमत वाढते, आणि शेतकऱ्याच्या हातात मात्र क्विंटलमागे काहीच जास्त पडत नाही.

ऑल्टकॉइनमध्ये ही आवक म्हणजे अनलॉक, आधी अडकवून ठेवलेले टोकन बाजारात मोकळे होणं. आर्बिट्रमचं उदाहरण घ्या, 16 मार्च 2024 ला त्याचे सुमारे 110 कोटी टोकन एकाच वेळी मोकळे झाले, फिरणाऱ्या टोकनची संख्या जवळजवळ दुप्पट झाली. आता भाव अर्ध्यापर्यंत उतरला तरी मार्केट कॅप जवळपास तेवढीच दिसणार. ज्याच्याकडे टोकन आहे त्याचे पैसे अर्धे झाले आणि TOTAL2 ला त्याचा पत्तापण लागत नाही. असे शेकडो छोटेमोठे अनलॉक वर्षभर चालूच असतात.

दुसरं म्हणजे यादी बदलत राहते. 2022 च्या मे महिन्यात टेरा बुडाला, तो यादीतून गेला, त्याच्या जागी दुसरे आले. म्हणजे चार्टवरची रेष एकच दिसत असली तरी तिच्या आतली माणसं बदललेली असतात. पोलकाडॉट 2021 च्या नोव्हेंबरमध्ये 55 डॉलरला जाऊन आला होता, आणि डिसेंबर 2024 ला TOTAL2 जेव्हा जुन्या टॉपच्या अगदी जवळ होता तेव्हा पोलकाडॉट होता 10-11 डॉलरला. ज्याने तेव्हापासून धरून ठेवला होता त्याला TOTAL2 चा चार्ट दाखवून "मार्केट टॉपला आलंय" म्हटलं तर त्याला काय वाटेल बघा. म्हणून TOTAL2 वरून फक्त हवामान कळतं, तुमच्या कॉइनचं काय ते त्याच्या स्वतःच्या चार्टवरच बघावं लागतं.

आता स्टेबलकॉइन बाहेर काढा

ही सगळ्यात महत्त्वाची स्टेप आहे आणि हीच लोक सोडून देतात. TOTAL2 मध्ये बिटकॉइन सोडून सगळं येतं, म्हणजे टेथर आणि यूएसडीसी हे स्टेबलकॉइनपण येतात, ज्यांचा भाव एका डॉलरला बांधलेला असतो. आता टेथर म्हणजे काय, तर डॉलरच. कोणी सोलाना विकून टेथरमध्ये पैसे पार्क केले, म्हणजे तो ऑल्टमधून बाहेर पडला, तरी त्याचा तो टेथर TOTAL2 मध्येच मोजला जातो. बाहेरून नवीन डॉलर येऊन नवीन टेथर छापले गेले पण त्या माणसाने अजून एकही कॉइन घेतलेला नाही, तरी TOTAL2 वाढला.

ट्रेडिंगव्ह्यूच्या सर्चमध्ये सरळ वजाबाकी टाकता येते, हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं:

```
CRYPTOCAP:TOTAL2-CRYPTOCAP:USDT-CRYPTOCAP:USDC
```

हे कॉपी करून टाका आणि एंटर दाबा, नवीन चार्ट तयार. याच्याशिवाय अजून बारीकसारीक स्टेबलकॉइन आहेत पण मोठा वाटा या दोघांचाच, तेवढ्याने काम भागतं. पुढे मी याला शुद्ध चार्ट म्हणणार आहे.

फरक किती पडतो ते बघा. नोव्हेंबर 2021 च्या टॉपला TOTAL2 साधारण 1.71T होता आणि जून 2022 च्या तळाला साधारण 430B, म्हणजे पडझड 75 टक्क्यांची. शुद्ध चार्टवर तोच प्रवास साधारण 1.60T वरून 310B च्या आसपास, म्हणजे 80 टक्क्यांच्या वर. कारण कॉइन पडत असताना हे दोन स्टेबलकॉइन मिळून कमी व्हायच्या ऐवजी थोडे वाढलेच होते, आणि त्यांनी पडझड झाकून ठेवली. मार्केट जेवढं पडतं तेवढा स्टेबलकॉइनचा वाटा मोठा होतो, म्हणून तळाशी TOTAL2 सगळ्यात जास्त फसवा असतो. वर तेजीत हाच फरक उलट्या बाजूने दिसतो, ते पुढे केसमध्ये येईलच.

बिटकॉइनच्या तुलनेत बघा

TOTAL2 वर चाललाय म्हणजे ऑल्ट चांगले चाललेत असं वाटतं, पण बिटकॉइन त्याच्या दुप्पट वेगाने पळत असेल तर मग ऑल्टची जोखीम घेऊन मिळवलं काय? म्हणून दुसरा फॉर्म्युला:

```
CRYPTOCAP:TOTAL2/CRYPTOCAP:BTC
```

हा रेशो वर जातोय म्हणजे पैसा बिटकॉइनपेक्षा ऑल्टमध्ये जोरात येतोय. तुम्ही BTC.D म्हणजे डॉमिनन्स, एकूण मार्केटमधला बिटकॉइनचा टक्का, बघत असाल तर तीच गोष्ट उलटी करून बघताय, डॉमिनन्स 60 असेल तर ऑल्ट 40, 40 भागिले 60, रेशो 0.67. डॉमिनन्स 65 झाला तर 35 भागिले 65, म्हणजे 0.54. फॉर्म्युला टाकायचा कंटाळा असेल तर डॉमिनन्सवरून तोंडीच काढता येतं. मला रेशो जास्त आवडतो कारण वर म्हणजे ऑल्टसाठी चांगलं, डोळ्याला सरळ कळतं.

इथे एक खाचखळगा आहे. मार्केट धडाधड पडत असताना रेशो कधीकधी स्थिर दिसतो किंवा थोडा वर जातो, आणि लोक म्हणतात "बघ, ऑल्ट टिकून आहेत". बऱ्याच वेळा ते टिकलेले नसतात, स्टेबलकॉइन तेवढेच राहिलेले असतात आणि बिटकॉइन पडलेला असतो. शंका आली की रेशोच्या वरच्या भागातूनपण स्टेबलकॉइन काढा, कंसात टाकायचं:

```
(CRYPTOCAP:TOTAL2-CRYPTOCAP:USDT-CRYPTOCAP:USDC)/CRYPTOCAP:BTC
```

तेजी पसरलीये की दोघा-तिघांचीच आहे

TOTAL2 मध्ये इथेरियमचं वजन एवढं मोठं आहे की एकटा इथेरियम पळाला तरी अख्खा चार्ट वर जातो. म्हणून TOTAL3 बघायचा, त्यात बिटकॉइन आणि इथेरियम दोन्ही नाहीत. आणि मग OTHERS, त्यात वरचे दहाही नाहीत, म्हणजे खरे लहान कॉइन. हे तिन्ही एकाखाली एक ठेवा. तिघं एकत्र आपापल्या जुन्या टॉपच्या वर बंद होतायत तर तेजी पसरलेली. TOTAL2 वर आणि OTHERS झोपलेला, तर मोठ्या दोन-चार कॉइनची तेजी, आणि तुमच्याकडे लहान कॉइन असतील तर ती तुमच्यापर्यंत आलेलीच नाही.

आता केस: नोव्हेंबर 2024 ते मार्च 2025

चार्टवर मार्च 2024 ला या. तिथे TOTAL2 ने साधारण 1.27 ते 1.3T चा टॉप केला होता. तिथून खाली, ऑगस्ट 2024 च्या सुरुवातीच्या धडाक्यात 800B च्या आसपास, आणि मग सप्टेंबर-ऑक्टोबर नुसतं रेंगाळणं. या काळात टॉप खाली सरकत होते, म्हणून वरचा ट्रेंड नव्हता, काही करायचं नव्हतं, आणि बिटकॉइन मात्र मजबूत होता, डॉमिनन्स वाढत वाढत 60 च्या पुढे गेला.

5 नोव्हेंबरला अमेरिकेची निवडणूक झाली तेव्हा TOTAL2 साधारण 900B. पुढच्या तीन आठवड्यांत मार्च 2024 चा टॉप वीकली क्लोजने पार झाला. पहिली अट पूर्ण. शुद्ध चार्टवरपण वाढ तशीच खणखणीत होती, कारण टेथर वाढला तरी कॉइनमधली वाढ त्यापेक्षा कितीतरी मोठी होती. रेशो बघा, डॉमिनन्स नोव्हेंबरात 61 च्या आसपास होता तो डिसेंबरच्या सुरुवातीला 55 पर्यंत आला, म्हणजे रेशो 0.64 वरून 0.82. म्हणजे बिटकॉइन स्वतः एक लाख डॉलरला पोचत असताना ऑल्ट त्याच्यापेक्षा जोरात होते. हे फार क्वचित एकत्र होतं, आणि अशा वेळी सिग्नलवर विश्वास ठेवायला हरकत नाही.

पसरण किती होती ते जरा जवळून बघू. महिनाभरात TOTAL2 मध्ये साधारण 700B पेक्षा जास्त भर पडली. त्यात इथेरियम 290B वरून 480B, म्हणजे 190B एकट्याचे. आणि एक्सआरपी, जो अर्ध्या डॉलरला पडून होता तो अडीच डॉलरच्या वर गेला, त्याची कॅप 30B वरून 150B च्या आसपास, म्हणजे 120B. या दोघांनी मिळून चाळीस टक्क्यांच्या वर वाढ दिली. बाकीची डोजकॉइन, कार्डानो, सोलाना आणि लहान कॉइनमध्ये वाटली गेली, OTHERS पण त्याच आठवड्यांत जोरात वर गेला. म्हणून माझ्या मते ही पसरलेली तेजी होती, फक्त एक्सआरपीचा वाटा त्यात गरजेपेक्षा जास्त होता हे लक्षात ठेवायचं, कारण एकाच कॉइनने एवढं उचललेलं असलं की तो बसला की चार्टपण बसतो.

आता डिसेंबर. TOTAL2 साधारण 1.65T ला पोचला आणि सगळीकडे एकच चर्चा, 2021 चा टॉप 1.71T, फक्त तीन-चार टक्के राहिलेत, तुटला की आकाश मोकळं. इथे शुद्ध चार्ट उघडा. नोव्हेंबर 2021 ला टेथर आणि यूएसडीसी मिळून साधारण 107B होते, डिसेंबर 2024 ला साधारण 180B. ते काढले की जुना टॉप 1.60T आणि नवीन 1.47T, म्हणजे अंतर आठ टक्क्यांचं, दुपटीहून जास्त. आणि रेशो? 2021 च्या टॉपला 1.35 च्या आसपास होता, आता 0.82. म्हणजे बिटकॉइनच्या तुलनेत ऑल्ट जुन्या टॉपच्या जवळपासही नव्हते. TOTAL2 वर जी रेष "आता तुटणारच" वाटत होती ती बाकीच्या दोन चार्टवर अजून बरीच लांब होती.

याचा अर्थ डिसेंबरात लगेच सगळं विका असा नव्हता. ट्रेंड अजून वरचाच होता, टॉप-बॉटम वर सरकत होते. अर्थ एवढाच की जुन्या टॉपच्या ब्रेकआउटच्या आशेवर नवीन पैसे टाकायचे नव्हते. ब्रेकआउट झालाच नाही, डिसेंबरच्या उरलेल्या आठवड्यांत चार्ट खाली आला, रेशो फिरला, जानेवारीत बिटकॉइन नवीन टॉप करत असताना TOTAL2 ने डिसेंबरचा टॉप गाठला नाही. हा फरक या चार्टने दिलेला सगळ्यात स्वच्छ इशारा होता. मग फेब्रुवारी-मार्च 2025 मध्ये वीकली क्लोज पुन्हा त्या मार्च 2024 च्या टॉपच्या खाली आला. ज्या रेषेने तेजी चालू झाली होती तीच रेष खाली तुटली, म्हणजे सिग्नल रद्द, तिथे वाद घालत बसायचा नाही. एप्रिल 2025 ला TOTAL2 1T च्या खाली होता आणि जूनपर्यंत डॉमिनन्स 65 ला गेला.

वीकलीच का, डेली का नाही

डेलीवर TOTAL2 महिन्यातून दोनदा ब्रेकआउट देतो आणि तीनदा मागे घेतो. आणि आपल्याकडे प्रत्येक उलटसुलट व्यवहार महागात पडतो, एप्रिल 2022 पासून फायद्यावर सरसकट 30 टक्के टॅक्स आहे, एका कॉइनचा तोटा दुसऱ्याच्या फायद्यातून वजा होत नाही, आणि जुलै 2022 पासून विकताना 1 टक्का टीडीएस कापला जातो, तो रिटर्नमध्ये धरता येतो पण तोपर्यंत पैसे अडकतात. दहा फसव्या सिग्नलवर पाच फायदे आणि पाच तोटे झाले तर हिशोबात तुम्ही बरोबरीत असाल पण टॅक्स मात्र पाच फायद्यांवर पूर्ण भराल. अमेरिकेतल्या व्हिडिओवाल्याला हे गणित लागू नाही, तो डेलीवर खेळू शकतो, आपण जपून.

रुपयात बघायची हौस असेल तर तेपण होतं:

```
CRYPTOCAP:TOTAL2*FX_IDC:USDINR
```

पण ट्रेंड ठरवायला हा वापरू नका. रुपया घसरला की हा चार्ट डॉलरच्या चार्टच्या आधीच जुना टॉप तोडलेला दाखवतो, आणि ती वाढ कॉइनची नसते.

शेवटचं काम अलर्ट लावायचं. TOTAL2 वर तुमच्या महत्त्वाच्या रेषेवर राइट क्लिक करून अलर्ट टाका, आणि ट्रिगरमध्ये `Once Per Bar Close` निवडा, टाइमफ्रेम वीकली ठेवून. नाहीतर रेषेला नुसता स्पर्श झाला तरी मोबाइल वाजतो, आणि मग रात्री दोनला उठून चार्ट बघणं आलं. हे लावलं की सोमवारी सकाळी साडेपाचच्या पुढे एकच नोटिफिकेशन येतं, चहा घेताना TOTAL2, शुद्ध चार्ट, रेशो आणि OTHERS हे चार एका मागे एक बघायचे, पाच मिनिटांत होतं. चारातले तीन एका बाजूला असतील तर ट्रेंड त्या बाजूचा, दोन-दोन असतील तर पुढच्या सोमवारपर्यंत हात लावायचा नाही.